मेहुण्याला उसने पैसे: किती द्यायचे आणि काय लिहून घ्यायचं

प्रश्न: माझ्या पत्नीचा सख्खा भाऊ इचलकरंजीत फॅब्रिकेशनचं काम करतो. नवीन मशीन आणि मोठ्या गाळ्याचं डिपॉझिट यासाठी 6 लाख मागतोय, दोन वर्षांत परत देतो म्हणतो. सासऱ्यांचाही फोन आला. आमची 7 लाखांची एफडी आहे हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. मी पुण्यात नोकरी करतो, हातात 95,000 येतात. पत्नीच्या शिकवण्यांचे महिन्याला 15-18 हजार. मुलगी दहावीत. किती द्यावेत? आणि घरातल्या माणसाकडून लिहून घेणं बरं दिसतं का?

उत्तर:

एफडीचा आकडा आधी बाजूला ठेवा. तुमच्याकडे किती आहेत आणि तुम्ही किती देऊ शकता हे दोन वेगळे हिशेब आहेत. सासरच्यांना पहिला ठाऊक आहे. दुसरा अजून तुम्हालाही माहीत नाही, कारण तो मांडलेलाच नाही. मी बरीच वर्षं सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. आता लोक घरातल्या उसनवारीचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. बिघडलेल्या बहुतेक प्रकरणांत घेणारा माणूस लबाड नसतो. देणाऱ्याने झेपेल त्यापेक्षा जास्त दिलेलं असतं, म्हणून पहिला हप्ता चुकताच त्याचा जीव खालीवर होतो आणि तिथून बोलणी कडवट होत जातात. तेव्हा रक्कम ठरवताना एकच गृहीत धरा: यातला एक रुपयाही परत येणार नाही. तसं झालं तरी तुमच्या घरातलं कुठलंही ठरलेलं काम अडत नसेल, तेवढीच तुमची रक्कम.

तुम्ही खर्च कळवलेले नाहीत. पुण्यातल्या अशा घरात साधारण जे आकडे दिसतात ते मी धरतो, तुम्ही तुमचे घालून हा हिशेब पुन्हा करा. गृहकर्जाचा हप्ता 34,000. किराणा, वीज, पेट्रोल, मोबाईल असा घरखर्च 38,000. मुलीची शाळा आणि क्लास महिन्यावर वाटून 8,000. विम्याचे हप्ते आणि आईवडिलांची औषधं मिळून 6,000. म्हणजे महिन्याला 86,000 हे न चुकणारे खर्च झाले. नोकरी गेली किंवा घरात मोठं आजारपण आलं तर सहा महिने हे चालले पाहिजेत, म्हणून 5,16,000 ही हात न लावण्याची रक्कम. गृहकर्ज चालू असलेल्या घराला मी सहा महिन्यांच्या खाली येऊ देत नाही. पगार थांबला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

यानंतर, पैसे बाहेर असतील त्या काळात तारीख ठरलेले खर्च कोणते आहेत ते लिहा. समजा सोसायटीच्या दुरुस्तीचा तुमचा वाटा 60,000 आहे आणि आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तुमच्या वाट्याचे 1,00,000 आहेत. मुलगी दोन वर्षांत बारावी होईल. तिच्या प्रवेशासाठी म्युच्युअल फंडात काही साठवत असाल तर ते या हिशेबात घेऊच नका. पीपीएफ आणि पत्नीचे दागिनेही घेऊ नका. आता एफडीचे 7,00,000 आणि बचत खात्यातले समजा 1,20,000 मिळून 8,20,000 होतात. त्यातून 5,16,000, मग 60,000, मग 1,00,000 वजा करा. उरतात 1,44,000. 7 लाखांची एफडी असलेल्या घराची देण्याची ताकद दीड लाखाच्याही आत निघते. बहुतेकांना हा आकडा पहिल्यांदा पाहून धक्का बसतो. तो बसलेला बरा.

एवढ्यावर थांबू नका, आणखी एक कसोटी लावा. ही रक्कम बुडाली तर तुमच्या खात्रीच्या पगारातून ती किती महिन्यांत भरून निघेल? 95,000 मधून 86,000 गेले की 9,000 राहतात. 1,44,000 भरून निघायला 16 महिने लागतील. शिकवण्यांचं उत्पन्न मी मुद्दाम धरलेलं नाही, कारण ते उन्हाळ्यात आटतं. दीड वर्षाच्या आत भरून निघत असेल तर मी ती रक्कम झेपणारी मानतो. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर रक्कम खाली आणायला सांगतो.

आता तुम्ही आणि पत्नी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर एकेक आकडा लिहा, एकमेकांना न विचारता. आकडा असा, की तो परत आला नाही तरी येत्या दिवाळीला इचलकरंजीत त्यांच्या पंगतीला बसताना मनात काही येणार नाही. दोन आकड्यांतला लहान तो घ्यायचा. भाऊ तिचा आहे म्हणून तिचा आकडा मोठाच असेल असं धरून चालू नका. मी अनेकदा उलटं पाहिलंय. माहेरच्या माणसांचा स्वभाव तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतो, फक्त तिला कोणी विचारलेलं नसतं. तुमच्या दोघांचा मिळून 1,20,000 ठरला असं धरून पुढचं लिहितो.

मेहुण्याच्या बाजूचा हिशेबही करून पाहा. 6 लाख दोन वर्षांत म्हणजे बिनव्याजीसुद्धा महिन्याला 25,000. त्याचं घर चालवून, गाळ्याचं भाडं आणि कामगारांचे पगार देऊन 25,000 शिल्लक राहतात का, एवढं एकच त्याला विचारा. आज राहत असतील तर त्याला तुमच्याकडे यायची गरज फारशी नव्हती. नव्या मशीनमुळे राहतील असं म्हणत असेल, तर किती काम वाढेल, ते कोण देणार आहे आणि बिलाचे पैसे किती दिवसांनी येतात ते त्याला सांगता आलं पाहिजे. फॅब्रिकेशनमध्ये बांधकाम ठेकेदाराचं बिल तीन-चार महिने अडकणं नेहमीचं आहे. दोन वर्षांत देतो हे तो मनापासून म्हणत असेल, पण त्यामागे हिशेब आहे की नुसती इच्छा, हे या प्रश्नाने कळतं.

मशीनचं कोटेशन मागा. अविश्वास म्हणून नको, पैसे नेमके कुठे जाणार ते कळावं म्हणून. कारण दर आठवड्याला बदलत असेल, उद्या सकाळपर्यंतच पाहिजेत असा तगादा असेल, किंवा बोलता बोलता एखाद्या ॲपचं किंवा सावकाराचं जुनं देणं निघालं, तर ते पैसे मशीनकडे जाणार नाहीत हे समजा. जुनं देणं फेडायला दिलेले पैसे परत येण्याची शक्यता फार कमी असते, कारण त्यातून नवं उत्पन्न काहीच उभं राहत नाही. तशा वेळी कर्जाची भाषाच सोडा. मदत म्हणून झेपतील ते तीस-चाळीस हजार द्या आणि परतीचा विषय काढू नका.

कोटेशन खरं असेल तर उरलेल्या पैशांचा मार्गही निघतो. समजा मशीन साडेचार लाखांचं आहे आणि दीड लाख गाळ्याचं डिपॉझिट. मशीनसाठी त्याने बँकेत मुद्रा कर्जाचा अर्ज करावा. 50,000 ते 5 लाख हा त्यातला किशोर गट, आणि त्याला तारण लागत नाही. बँक मशीनच्या किमतीतला काही भाग त्याला स्वतः भरायला सांगेल. तो 20 टक्के धरला तर 90,000 होतात. तुमच्या 1,20,000 मधून ते भरता येतील आणि 30,000 डिपॉझिटकडे जातील. उरलेल्या डिपॉझिटसाठी त्याने मालकाकडून हप्ते मागावेत, नाहीतर वर्षभर जुन्याच गाळ्यात काढावं. बँकेचं 3,60,000 चं कर्ज पाच वर्षांना साधारण 11 टक्क्यांनी मिळालं तर हप्ता 7,800 च्या आसपास येतो. तुमचे 5,000 धरून महिन्याला 13,000 च्या आत त्याचं भागतं. 25,000 पेक्षा हे त्याच्या धंद्याला कितीतरी सोसणारं आहे. शिवाय बँकेचा अधिकारी त्याचे व्यवहार आणि खातं तपासेल, जे तुम्हाला जावई म्हणून करता येत नाही.

यात एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवतो. भरलेला वाटा उसना आहे हे त्याने बँकेला खरं सांगावं. तसं सांगितल्यावर काही बँका लिहून मागतात, की आमचं कर्ज फिटेपर्यंत नातेवाइकांचे पैसे परत काढले जाणार नाहीत. अशा पत्रावर सही झाली तर तुमचे दोन वर्षांचे हप्ते पाच वर्षं पुढे जातात. तेव्हा पैसे पाठवण्याआधीच बँकेची अट काय आहे ते त्याला विचारायला लावा आणि ती कळल्यावर तुमचा आकडा पुन्हा तपासा.

एवढेच होतील म्हटल्यावर बहुधा दुसरी विनंती येते: मग निदान जामीन तरी राहा. इथे ठाम राहा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, भारतीय करार कायद्याच्या 128 व्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. वेगळं काही ठरलेलं नसेल तर बँकेने आधी मेहुण्याच्या मागे लागलंच पाहिजे असं बंधन नसतं, ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. त्याचे थकलेले हप्ते तुमच्याही क्रेडिट अहवालात दिसतात. 6 लाखांना जामीन राहणं म्हणजे 6 लाख देण्याइतकंच आहे, म्हणून ते झेपणाऱ्या रकमेच्या हिशेबात 6 लाखच धरायचं. स्वतःच्या नावावर वैयक्तिक कर्ज किंवा गृहकर्जावर टॉपअप काढून त्याला देणं हेही तेच. तो थांबला तरी तुमचा हप्ता चालूच राहील.

सासऱ्यांना फोन तुम्ही करा, पत्नीला करायला लावू नका. बोलणं छोटं ठेवा: "बाबा, आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. आमच्याकडून एक लाख वीस हजार होतील, आणि ते या महिन्यात देतो. त्यापुढे नाही जमणार." एफडीचं काय, असं विचारलं तर एवढंच म्हणा, की ती पुढच्या खर्चांसाठी ठेवलेली आहे. कुठले खर्च ते मोजून दाखवायला जाऊ नका. एकदा यादी सांगितली की तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीवर चर्चा सुरू होते, आणि गुडघ्याचं ऑपरेशन सहा महिने पुढे ढकललं तर, अशा वळणावर ती जाते. कारणं दिली नाहीत म्हणून कोणी फार काळ रुसत नाही.

आता लिहून घेण्याबद्दल. बरं दिसतं का, याचं माझं उत्तर स्पष्ट हो आहे, आणि ते मी मेहुण्याच्या बाजूनेही देतो. न लिहिलेल्या व्यवहारात दोन वर्षांनी दोघांच्या आठवणी वेगळ्या होतात. तुम्हाला आठवतं की सहा हप्ते आले, त्याला आठवतं की आठ दिले. दोघंही खरंच तसं मानत असतात. बँकेतून पैसे गेल्याची नोंद आहेच की, असं लोक म्हणतात. पण ती नोंद फक्त पैसे गेले एवढंच सांगते. ते कर्ज होतं, भेट होती की जुन्या देण्याची फेड होती, हे त्यातून सिद्ध होत नाही.

पैसे रोख देऊ नका. 20,000 किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड कर्जाच्या रकमेइतकाच असू शकतो. तो घेणाऱ्यावर, म्हणजे मेहुण्यावर येतो. दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि कोणालाच करपात्र उत्पन्न नसेल तर सूट आहे, पण तुमच्या प्रकरणात ती लागू नाही. परतफेडीलाही हाच नियम आहे. शिल्लक 20,000 किंवा त्यावर असताना पाच हजारांचा एकच हप्ता रोख दिला तरी नियम मोडतो. इथे सणवार मध्ये येतात. भाऊबीजेला तो ओवाळणीत बहिणीच्या ताटात पाच हजार ठेवतो, त्याच्या मनात तो हप्ता असतो आणि तिच्या मनात ओवाळणी. म्हणून हप्ता नेहमी त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला, आणि ओवाळणी वेगळी, असं आधीच बोलून घ्या.

कागद कोणता, याकडे येऊ. दुकानात मिळणारी छापील वचनचिठ्ठी, म्हणजे प्रॉमिसरी नोट, लोकांना सोपी वाटते. एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावलं, त्यावर आडवी सही घेतली की झालं. तिच्यात दोन धोके आहेत. तिकीट लावायचं राहिलं तर ती चिठ्ठी कोर्टात पुरावा म्हणून घेत नाहीत, आणि इतर कागदांसारखा मागाहून दंड भरून तो दोष काढता येत नाही. दुसरं म्हणजे त्या चिठ्ठीत बहुधा 'मागणी करताच देईन' असं छापलेलं असतं. अशा चिठ्ठीवरून दावा करण्याची तीन वर्षांची मुदत तिच्या तारखेपासूनच मोजली जाते, तुम्ही मागणी केली त्या दिवसापासून नाही. तोंडी उसन्या पैशांचंही तेच, तीन वर्षं पैसे दिल्यापासून. घरातला माणूस म्हणून तुम्ही दोन वर्षं काही बोलत नाही, तिसऱ्या वर्षी सौम्यपणे विचारता, तो दिवाळीनंतर बघू म्हणतो, आणि तेवढ्यात मुदत संपलेली असते.

म्हणून हप्त्यांचं व्यवहारपत्र करा, दोघांच्या सह्यांचं. त्यात प्रत्येक हप्त्याची मुदत त्या हप्त्याच्या तारखेपासून मोजली जाते. 5 फेब्रुवारी 2027 चा हप्ता चुकला तर त्याच्यापुरती तीन वर्षं तिथून सुरू होतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली आहे. तुमच्या रकमेला नेमकं किती शुल्क लागतं ते कागद करण्याआधी वकिलाला किंवा मुद्रांक कार्यालयात विचारून घ्या. मजकूर मात्र साधा ठेवा, घरातल्या सगळ्यांना कळेल असा. मी साधारण असा लिहून देतो:

> लिहून देणार यांनी लिहून घेणार यांच्याकडून व्यवसायासाठी मशीन घेण्याकरिता रु. 1,20,000 (अक्षरी एक लाख वीस हजार) उसने घेतले आहेत. ही रक्कम दिनांक 10 जून 2026 रोजी बँक खात्यातून मिळाली, व्यवहार क्रमांक …… ही भेट नसून परत करावयाची रक्कम आहे. यावर व्याज नाही.
>
> परतफेड दरमहा रु. 5,000 च्या 24 हप्त्यांत, प्रत्येक महिन्याच्या 5 तारखेला, बँक खात्यात करण्यात येईल. पहिला हप्ता 5 सप्टेंबर 2026, शेवटचा 5 ऑगस्ट 2028. रक्कम मुदतीआधीही देता येईल.
>
> हप्ता देणे शक्य नसल्यास 5 तारखेच्या आधी कळविण्यात येईल. सलग दोन हप्ते राहिल्यास पंधरा दिवसांत दोघे भेटून नवीन हप्ता ठरवतील व तो याच कागदावर लिहून सह्या करतील.
>
> दरवर्षी 31 मार्चची शिल्लक दोघे सहीनिशी लिहून ठेवतील.
>
> या व्यवहाराची माहिती दोघांच्या पत्नींना आहे.

खाली तारीख, ठिकाण, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. प्रती दोन, एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. साक्षीदार म्हणून सासरे चालतील, आणि माझ्या मते तेच असावेत, कारण शब्द त्यांनी टाकला आहे.

यातली काही वाक्यं मी सहज घातलेली नाहीत. "ही भेट नसून" हे वाक्य मुख्य आहे, कारण भावाबहिणीच्या घरातला व्यवहार पुढे वादात सापडला तर पहिला दावा भेटीचाच होतो. पहिला हप्ता तीन महिन्यांनी ठेवला आहे, कारण मशीन येऊन, बसून, त्यावरचं पहिलं बिल हातात यायला तेवढा वेळ जातो. पुढच्याच महिन्यापासून हप्ता लावला तर तो तुमच्याच पैशातून तुम्हाला देईल आणि मशीनला पैसे कमी पडतील. 31 मार्चची शिल्लक हा या कागदातला सगळ्यात कामाचा भाग आहे. पहिल्या 31 मार्चला सात हप्ते आलेले असतील, म्हणजे 35,000 फिटले आणि 85,000 बाकी. "आज रोजी 85,000 रुपये देणे बाकी" असं लिहून त्याने सही केली की मुदत कायद्याच्या 18 व्या कलमाप्रमाणे त्या दिवसापासून मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. अट एवढीच, की ही सही जुनी मुदत संपण्याच्या आत झाली पाहिजे. वर्षातून दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात कोणाचा अपमान नाही, कारण आकडा कमी होत गेलेला दोघांनाही दिसतो.

"दोघांच्या पत्नींना माहिती आहे" हेही गाळू नका. मेहुण्याच्या बायकोपासून लपवलेलं कर्ज तिला पहिल्यांदा कळतं ते हप्ता चुकल्यावर, आणि तिच्या घरखर्चातून कापायची वेळ आल्यावर. तिला आधीपासून ठाऊक असेल तर 5 तारीख तीच लक्षात ठेवते.

व्याज लावू नका असं मी तुम्हाला सुचवेन. लावायला हरकत कायद्याची नाही. एखाद्या नातेवाइकाला एकदा पैसे दिले म्हणून कोणी सावकार होत नाही, 2014 चा महाराष्ट्र सावकारी कायदा सावकारीचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. मिळालेलं व्याज तुमच्या उत्पन्नात धरून त्यावर कर भरावा लागेल, एवढंच. पण व्याज आलं की देणारा ते गुंतवणूक म्हणून बघू लागतो, एफडीपेक्षा बरं मिळतंय म्हणून रक्कम वाढवतो, आणि बुडण्याची शक्यता धरून काढलेला आकडा विसरतो. कोरा चेकही तारण म्हणून घेऊ नका. चेक परत गेल्यावरची वाट फौजदारी खटल्याकडे जाते. 1,20,000 साठी बायकोच्या भावावर तो खटला तुम्ही भरणार नाही हे तुम्हाला आणि त्याला दोघांनाही माहीत आहे.

हप्ता चुकला तर काय, हे पैसे देण्याआधीच ठरवून ठेवा. पहिला चुकलेला हप्ता आठवड्याच्या आत विचारा, आणि तुम्हीच विचारा. रागाने नको, "या वेळचा आला नाही, काही अडचण आहे का?" एवढंच. तीन महिने थांबून विचारलेला प्रश्न कितीही गोड आवाजात विचारला तरी तो जाब वाटतो. अडचणीत असलेला आणि टाळणारा यांतला फरक ओळखायला मी एकच गोष्ट पाहतो: तो तारखेच्या आधी सांगतो का. ठेकेदाराचं बिल अडकलंय, या महिन्यात दोनच हजार होतील, असं 3 तारखेला सांगणाऱ्याचे पैसे उशिरा का होईना, बहुतेक वेळा येतात. त्याला हप्ता 2,500 करून द्या, मुदत वाढवा, आणि ते त्याच कागदाच्या मागे तारखेसह लिहा. फोन न उचलणारा, पण व्हॉट्सॲपवर सहलीचे फोटो टाकणारा माणूस वेगळा. त्यालाही एक संधी द्या. तो देणं मान्य करतो असा साधा संदेश त्याच्याकडून आला तर जपून ठेवा, फोन बदलताना जाऊ देऊ नका. पण सहीचा कागद त्याहून भक्कम असतो.

आणि आणखी पन्नास हजार दिले तर सगळं एकदम फेडतो, असं म्हटल्यास देऊ नका. पहिली रक्कम तुम्ही हिशेबाने काढली होती. दुसरी पहिल्या रकमेच्या काळजीपोटी दिली जाते, आणि ती तुमच्या सहा महिन्यांच्या राखीव पैशांतून जाते.

पुढे कधी राहिलेली रक्कम सोडून द्यावी असं दोघांना वाटलं तर तसं दोन ओळींत लिहून त्याला द्या, म्हणजे त्याच्या डोक्यावरचं ओझंही उतरेल. सुरुवातीलाच काही भाग भेट म्हणून द्यायचा असेल तर तो वेगळा पाठवा आणि वेगळा लिहा. बहिणीच्या नवऱ्याकडून आलेल्या भेटीवर मेहुण्याला कर लागत नाही, कारण आयकराच्या व्याख्येतल्या नातेवाइकांत तुम्ही बसता. हीच गोष्ट मावसभावाला किंवा चुलतभावाला करताना जपा. ते त्या यादीत नाहीत. वर्षात अशा सगळ्यांकडून मिळून 50,000 च्या वर भेट मिळाली तर ती पूर्ण रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाते.

व्यवहारपत्राची तुमची प्रत विमा आणि एफडीच्या कागदांबरोबर ठेवा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नीला भावाकडे तोंडी आठवणीवर मागायची वेळ येऊ नये. त्याचं काही झालं तर त्याच्या वारसांची जबाबदारी त्याच्याकडून त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर तुमचा हक्क नसतो. तशा प्रसंगी तुम्ही मागणार नाही हे मी धरूनच चाललोय, आणि 1,20,000 हा आकडा त्यासाठीच तेवढा ठेवला आहे.

शेवटचा हप्ता आला की दोन्ही प्रतींवर "संपूर्ण रक्कम मिळाली, आता काही देणे बाकी नाही" असं लिहून तारीख घाला, सही करा, आणि तुमच्याकडची मूळ प्रत त्याला द्या. तुमच्यापुरता फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी त्याला बँकेत सांगायला तो कागद उपयोगी पडेल, की घरातलं कर्ज ठरल्याप्रमाणे फेडलंय.